सॉफ्टवेअर कंपनीकडून जीएसटी दुरुस्त करून नवीन इन्व्हॉइस हवंय, मेलमध्ये नेमकं काय मागायचं?

ओवी_नाशिक
नमस्कार मंडळी. मी नाशिकहून फ्रीलान्स यूआय डिझाइन आणि इलस्ट्रेशन करते. जीएसटी रजिस्ट्रेशन आहे, महाराष्ट्राचं, म्हणजे नंबर २७ ने सुरू होतो. निम्मं काम भारताबाहेरच्या क्लायंटसाठी असतं, ते एलयूटीवर, म्हणजे जीएसटी न लावता करते.

प्रॉब्लेम असा की एका डिझाइन सॉफ्टवेअरचा मंथली प्लॅन होता तो फेब्रुवारीत वार्षिक केला. मंथलीच्या प्रत्येक इन्व्हॉइसवर माझा जीएसटी नंबर व्यवस्थित यायचा, पण वार्षिकवर गेल्यावर त्यांच्या सिस्टिमने नवीन बिलिंग अकाउंट उघडलं आणि त्यात माझा नंबर आणि पत्ता दोन्ही आलेच नाहीत. कंपनी बंगळुरूची, त्यांचा नंबर २९ चा. इन्व्हॉइसवर ३०,००० किंमत, सीजीएसटी २,७००, एसजीएसटी २,७००, एकूण ३५,४००. प्लेस ऑफ सप्लायसमोर कर्नाटक लिहिलंय. मी नाशिकला आणि टॅक्स कर्नाटकाचा!

मी सपोर्टला मेल केला, त्यातलं मुख्य वाक्य असं होतं (मूळ इंग्रजीत, इथे मराठीत देतेय):

"सोबतच्या इन्व्हॉइसवर माझा जीएसटी नंबर टाकून आणि आयजीएसटी लावून त्याच नंबरचं, त्याच तारखेचं सुधारित इन्व्हॉइस कृपया पाठवावं."

उत्तर आलं की बिलिंग डिटेल्स अपडेट केलेत, पुढच्या इन्व्हॉइसपासून दिसतील, जारी झालेलं इन्व्हॉइस बदलता येत नाही. आता वार्षिक प्लॅनचं पुढचं इन्व्हॉइस पुढच्या फेब्रुवारीत येणार! ५,४०० रुपयांचं क्रेडिट सोडून द्यायचं का? दुसरा मेल लिहायचाय, काय लिहू सांगा.

सुहास_डोंबिवली
ताई तुमचं इन्व्हॉइस चुकलं असेल तर तुमच्याच जीएसटीआर-१ मध्ये अमेंडमेंट टाका की, टेबल ९ए मध्ये जाऊन क्लायंटचा नंबर दुरुस्त करता येतो, मी गेल्या महिन्यातच केलंय. क्लायंटला मेल कशाला, उगाच पेमेंट अडकवून ठेवतील.

ओवी_नाशिक
नाही हो सुहासदादा, इथे मी गिऱ्हाईक आहे. इन्व्हॉइस कंपनीने मला दिलंय, पैसे मी भरलेत. माझ्या जीएसटीआर-१ चा यात संबंधच नाही.

सुहास_डोंबिवली
ओह, उलटं वाचलं. मग दुरुस्ती त्यांच्या जीएसटीआर-१ मध्ये व्हायला हवी.

वसंतकाका
मी ट्रेडिंगवाला माणूस, सॉफ्टवेअरमधलं कळत नाही पण बिलातलं कळतं. माझ्या मते तुमच्याकडे बिल आहे, पैसे भरल्याचा पुरावा आहे, एवढ्यावर क्रेडिट घेऊन टाका आणि कंपनीकडून बिलावर नंबर लिहून सही शिक्का मागवून फाईलला लावा. आम्ही कितीतरी बिलं अशी दुरुस्त करून घेतलीत. फक्त ३० सप्टेंबरच्या आत घ्या, नंतर क्रेडिट जातं.

खतावणी
मी एका सॉफ्टवेअर कंपनीच्या फायनान्स टीममध्ये आहे, इनडायरेक्ट टॅक्सचंच काम. काकांचं मुदतीबद्दल सांगणं बरोबर दिशेचं आहे पण तारीख आता ३० नोव्हेंबर आहे, म्हणजे आर्थिक वर्ष संपल्यावर येणारा नोव्हेंबर, आणि त्याआधी वार्षिक रिटर्न भरलं तर त्या दिवसापर्यंतच. सही शिक्क्याचं मात्र आता चालत नाही. १ जानेवारी २०२२ पासून विकणाऱ्याने त्याच्या जीएसटीआर-१ मध्ये तुमच्या नंबरावर ते बिल दाखवलं आणि ते तुमच्या टूबीत, म्हणजे पोर्टल दर महिन्याला तयार करतं त्या क्रेडिटच्या यादीत आलं तरच क्रेडिट. त्याआधी न दिसणाऱ्या बिलांचं थोडं फार क्रेडिट घ्यायची सोय होती, सुरुवातीला २० टक्के, मग १०, मग ५, ती बंद झाली. म्हणजे ओवीताईंना कंपनीने कितीही सुंदर सुधारित पीडीएफ पाठवली आणि रिटर्नमध्ये काही केलं नाही तर त्या पीडीएफचा उपयोग शून्य. एक्स्पोर्टवरचा रिफंड मागताना तर बिलं टूबीशी ताडूनच बघतात.

म्हणून पहिली गोष्ट, मेलमध्ये "सुधारित इन्व्हॉइस पाठवा" एवढंच मागू नका. इन्व्हॉइस आणि रिटर्न दोन्ही मागा.

दुसरी गोष्ट, "त्याच नंबरचं त्याच तारखेचं" हे मागितल्यामुळेच नकार आला असणार, आणि तो नकार नुसता आळशीपणाचा नाही. तुमचं बिल त्यांच्याकडे नंबर नसलेल्या गिऱ्हाइकाचं म्हणून गेलंय, त्याला ई-इन्व्हॉइस लागत नाही. तेच बिल नंबरवाल्या गिऱ्हाइकाचं झालं की, कंपनीची उलाढाल ५ कोटींच्या वर असेल तर, ई-इन्व्हॉइस पोर्टलवर नोंदवून आयआरएन आणि क्यूआर कोड घ्यावा लागतो. आणि १ एप्रिल २०२५ पासून १० कोटी किंवा जास्त उलाढालीच्या कंपन्यांना बिलाच्या तारखेपासून ३० दिवसांच्या आतच ही नोंद करता येते, नंतर पोर्टल घेतच नाही. फेब्रुवारीच्या तारखेचं बिल आता जूनमध्ये नोंदवायला गेले तर एरर येणार. त्यात तुमचं तर टॅक्सचं नावच बदलायचंय.

तर मागणी अशी करा: जुन्या इन्व्हॉइसवर पूर्ण रकमेची क्रेडिट नोट, आणि आजच्या तारखेचं नवीन नंबराचं टॅक्स इन्व्हॉइस, त्यात आयजीएसटी ५,४००, प्लेस ऑफ सप्लाय महाराष्ट्र, तुमचा नंबर, आणि जुन्या इन्व्हॉइसचा उल्लेख. हे त्यांच्या सिस्टिमला जमतं. फेब्रुवारीचं बिल फेब्रुवारीतच बदलणं जमत नाही.

ओवी_नाशिक
हे कुणी सांगितलंच नव्हतं! मला वाटत होतं तारीख तीच राहिली तर त्यांना सोपं जाईल.

एक शंका. समजा त्यांनी आयजीएसटी न करता नुसता माझा नंबर टाकला, म्हणजे सीजीएसटी एसजीएसटी तसंच ठेवलं, तर टूबीत येईल ना, मग चालेल का? निदान तेवढं तरी पटकन होईल.

खतावणी
टूबीत येईल, पण "आयटीसी नॉट अव्हेलेबल" च्या भागात. विकणारा कर्नाटकातला, प्लेस ऑफ सप्लाय कर्नाटक आणि घेणारा दुसऱ्या राज्यात असं जुळलं की पोर्टल स्वतःच ते तिकडे टाकतं. कर्नाटकाच्या एसजीएसटीचं क्रेडिट महाराष्ट्राच्या नंबराला मिळत नाही आणि त्या बिलातल्या सीजीएसटीचंही नाही. तेव्हा नुसता नंबर टाकून घेणं म्हणजे अर्धी दुरुस्ती, त्यात कंपनी म्हणणार की तुमचं काम झालं, तिकीट बंद. तेवढ्यावर समाधान मानू नका.

रेणुका_हुबळी
हे कर्नाटक कसं काय आलं पण? पत्ता नसला म्हणून कंपनी स्वतःचं राज्य कसं टाकू शकते?

खतावणी
रेणुका, नंबर नसलेल्या गिऱ्हाइकाचा पत्ता नोंदीत नसेल तर विकणाऱ्याचं राज्य धरायचं असा कायद्यातच नियम आहे, त्यामुळे पूर्वी ऑनलाइन विकणारे सर्रास तेच करायचे. पण ३१ डिसेंबर २०२४ ला सीबीआयसीने परिपत्रक काढून स्पष्ट केलं की ऑनलाइन सेवा विकताना गिऱ्हाइकाचं राज्य घ्यायचंच, रक्कम कितीही असो, आणि तेच इन्व्हॉइसवर टाकून प्लेस ऑफ सप्लाय धरायचं. म्हणजे ओवीताईंच्या बिलात नंबर नसता तरी महाराष्ट्र आणि आयजीएसटीच यायला हवं होतं. हा मुद्दा मेलमध्ये नक्की घाला, शांतपणे, एका वाक्यात. टॅक्स टीमच्या माणसाला तो वाचल्यावर कळतं की हे प्रकरण गिऱ्हाइकाच्या सोयीपुरतं नाहीये, आपलंच रिटर्न चुकलंय.

सागर_मडगाव
माझी पण सेम केस!! मी व्हिडिओ एडिटिंग करतो, नंबर गोव्याचा आहे, ३० वाला. एक प्लगइन घेतलं १०,००० चं, त्यावर आयजीएसटी १,८०० लावलाय, माझा नंबर नाही. त्यांना पण हाच मेल पाठवू का? कंपनी अमेरिकेतली आहे, त्यांच्या इन्व्हॉइसवर जीएसटी नंबर आहे पण तो ९९ ने सुरू होतो.

खतावणी
सागर, सेम नाही, तुझी केस वेगळी आहे आणि हा मेल पाठवलास तर उलट घोळ होईल. ९९ म्हणजे परदेशातली कंपनी, भारतात ऑनलाइन सेवा विकण्यापुरतं रजिस्ट्रेशन घेतलेली. तिने लावलेला आयजीएसटी हा नंबर नसलेल्या गिऱ्हाइकासाठी असतो, तो ती जीएसटीआर-५ए मध्ये भरते आणि त्यातून तुझ्या टूबीत क्रेडिट येत नाही, तुझा नंबर इन्व्हॉइसवर छापला तरी येत नाही. तुझा नंबर नोंदवला की तिने टॅक्स लावायचाच नसतो, तो रिव्हर्स चार्जमध्ये तू भरायचा. म्हणून तुझ्या मेलमध्ये मागणी ही की माझा नंबर नोंदवा, टॅक्स शून्य असलेलं इन्व्हॉइस द्या आणि १,८०० परत करा. मग तू तुझ्या थ्रीबी रिटर्नमध्ये १,८०० रिव्हर्स चार्ज दाखवून रोखीने भर, क्रेडिट लेजरमधून तो भरता येत नाही, आणि भरल्यावर त्याचंच क्रेडिट घे.

तेव्हा मेल लिहायला बसण्याआधी विकणाऱ्याच्या नंबरातले पहिले दोन आकडे बघायचे. २९, २७, ०७ असं राज्य असेल तर टॅक्स लावलेलं बरोबर इन्व्हॉइस मागायचं, ९९ असेल तर टॅक्स काढलेलं.

सागर_मडगाव
आणि त्यांनी १,८०० परत दिलेच नाहीत तर? मी रिव्हर्स चार्ज पण भरायचा म्हणजे दोनदा टॅक्स झाला की.

खतावणी
तिथे खरंच अडचण आहे. कायद्याने तू रजिस्टर्ड आहेस म्हणून रिव्हर्स चार्ज तुझ्यावर येतो, कंपनीने चुकून घेतला म्हणून तो सुटतो असं कुठे लिहिलेलं नाही. काही सीए भरायला सांगतात, काही म्हणतात सरकारला आयजीएसटी पोचलाय, पुन्हा नको. तुझ्या सीएला विचार. आणि पुढच्या रिन्यूअलच्या आधी नंबर टाक म्हणजे प्रश्नच येणार नाही.

तिकीटघर
मी पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीच्या बिलिंग सपोर्टला होते, आतली गोष्ट सांगते. पहिला माणूस जो मेल वाचतो त्याच्याकडे इन्व्हॉइस बदलायचा अधिकारच नसतो. त्याच्या स्क्रीनवर "बिलिंग डिटेल्स अपडेट" एवढं एक बटण असतं, ते दाबून तो तयार उत्तर पाठवतो. ओवीताईंना आलेलं उत्तर शब्दशः तसलंच आहे. मेलमध्ये "क्रेडिट नोट" हा शब्द आला की त्याला ते तिकीट फायनान्सकडे ढकलावंच लागतं, कारण क्रेडिट नोट सपोर्टवाला काढू शकत नाही. म्हणून हे सब्जेक्टमध्येच टाका, खाली तिसऱ्या परिच्छेदात नको. इन्व्हॉइस नंबर पण सब्जेक्टमध्ये.

अजून एक, आणि हे मी डोळ्यांनी बघितलंय, नवीन इन्व्हॉइस तयार झालं की सिस्टिम त्याला "ड्यू" समजते आणि सेव्ह केलेल्या कार्डावर पुन्हा पैसे मागते, नाहीतर पंधरा दिवसांनी "पेमेंट बाकी आहे" म्हणून अकाउंट बंद करते. क्रेडिट नोटमुळे कधी उलटंही होतं, पैसे रिफंड होतात आणि प्लॅन रद्द होतो. तेव्हा मेलमध्ये स्पष्ट लिहा की आधी भरलेली रक्कम नवीन इन्व्हॉइसला जोडा, रिफंड नको, पुन्हा चार्ज नको, प्लॅन चालू राहू दे.

आणि एका मेलमध्ये एकच मागणी. लोक त्यात फीचर चालत नाही, ॲप हँग होतं असलंही लिहितात, मग ते तिकीट दुसऱ्याच टीमकडे जातं आणि तिथेच पडून राहतं.

वसंतकाका
हे आवडलं. जुन्या काळी दुकानात जाऊन समोर बसून बिल बदलून घ्यायचो, आता माणूसच दिसत नाही. पण मला एक सांगा, कंपनी म्हणाली की आम्ही कर्नाटकला टॅक्स भरून बसलोय, आता परत आयजीएसटी भरायचा म्हणजे आमच्या खिशातून, तर?

खतावणी
काका, क्रेडिट नोट काढल्यावर त्या महिन्याच्या कर्नाटकच्या टॅक्समधून ५,४०० वजा होतात आणि आयजीएसटीत ५,४०० वाढतात. चालू विक्री असलेल्या कंपनीला खिशातून काही घालावं लागत नाही. विक्री बंद पडलेली छोटी कंपनी असती तर रिफंड मागत बसावं लागलं असतं, तो त्रास खरा.

मात्र एक कबूल करतो, क्रेडिट नोट कधी काढता येते याची कलम ३४ मध्ये यादी आहे आणि "गिऱ्हाइकाचा नंबर राहिला" हे कारण त्यात सरळ लिहिलेलं नाही. म्हणून काही कंपन्यांचे सल्लागार क्रेडिट नोटला नाही म्हणतात आणि जीएसटीआर-१ च्या टेबल १० मध्ये नंबर नसलेली विक्री कमी करून टेबल ४ मध्ये नंबरवाली दाखवतात. माझा अनुभव असा की टॅक्सच चुकीचा लागला असेल तर क्रेडिट नोटच जास्त सुटसुटीत पडते. पण तुम्ही मार्ग त्यांच्यावर लादू नका, पहिली पसंती सांगा आणि शेवटी काय दिसायला हवं ते सांगा.

ओवी_नाशिक
सगळ्यांचं वाचून नवीन मेल लिहिलाय. आज पाठवतेय, काही राहिलं असेल तर लगेच सांगा.

*विषय: इन्व्हॉइस क्र. ______ : क्रेडिट नोट आणि नवीन टॅक्स इन्व्हॉइसची विनंती, फायनान्स / टॅक्स टीमकडे पाठवावे*

*नमस्कार,*

*मी आपल्या वार्षिक प्लॅनची ग्राहक असून महाराष्ट्रात जीएसटीखाली नोंदणीकृत आहे. माझा जीएसटी नंबर, नोंदणीतील नाव आणि पत्ता खाली दिला आहे. मंथली प्लॅनच्या इन्व्हॉइसवर हा नंबर येत होता, मात्र फेब्रुवारीत वार्षिक प्लॅन घेताना तयार झालेल्या इन्व्हॉइसवर तो आलेला नाही, आणि प्लेस ऑफ सप्लाय कर्नाटक धरून सीजीएसटी व एसजीएसटी प्रत्येकी २,७०० रुपये लावले आहेत. माझं ठिकाण महाराष्ट्र असल्यामुळे आयजीएसटी ५,४०० रुपये लागायला हवा होता. सीबीआयसीच्या ३१ डिसेंबर २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे ऑनलाइन सेवेत ग्राहकाचं राज्य इन्व्हॉइसवर नोंदवणं आवश्यक आहे.*

*जुन्या तारखेचं इन्व्हॉइस बदलता येणार नाही हे मला मान्य आहे. म्हणून विनंती अशी की जुन्या इन्व्हॉइसवर ३५,४०० रुपयांची क्रेडिट नोट काढून चालू तारखेचं नवीन टॅक्स इन्व्हॉइस द्यावं, त्यावर माझा नंबर, प्लेस ऑफ सप्लाय महाराष्ट्र, आयजीएसटी १८ टक्के आणि लागू असल्यास आयआरएन असावा. हे इन्व्हॉइस त्या महिन्याच्या जीएसटीआर-१ मध्ये माझ्या नंबरावर दाखवावं. आपण दुसऱ्या पद्धतीने दुरुस्ती करत असाल तरी चालेल, माझ्या टूबीत ५,४०० रुपये आयजीएसटी क्रेडिट म्हणून दिसणं आवश्यक आहे.*

*आधी भरलेली रक्कम नवीन इन्व्हॉइसला जोडावी. रिफंड नको, कार्डावर पुन्हा चार्ज करू नये आणि प्लॅन चालू ठेवावा. जुन्या इन्व्हॉइसवर मी कोणतंही क्रेडिट घेतलेलं नाही.*

*सोबत: जुनं इन्व्हॉइस, जीएसटी नोंदणी प्रमाणपत्र, पेमेंटची पावती, नंबर असलेलं मंथली प्लॅनचं एक इन्व्हॉइस.*

तिकीटघर
छान झालाय. मंथलीचं जुनं इन्व्हॉइस जोडलंत ते फार चांगलं केलंत, त्यांच्याकडे नंबर आधीपासून होता हे त्यातून दिसतं. फक्त नोंदणीतलं नाव प्रमाणपत्रावर आहे तसंच टाका, ट्रेड नेम आणि स्वतःचं नाव यात त्यांचा गोंधळ होतो. आणि नंबर मेलमध्ये टाइप करा, नुसता फोटोत नको, कॉपी करताना ओ आणि शून्य यात चूक होते.

प्रज्ञा
मी पण फ्रीलान्सर आहे, ट्रान्सलेशन करते, रजिस्ट्रेशन नाहीये कारण वर्षाला २० लाखांच्या खूप खाली आहे. मी असा मेल केला तर मला काही परत मिळेल का?

खतावणी
नाही प्रज्ञा, रजिस्ट्रेशन नाही तर क्रेडिट नाही, टॅक्स हा खर्चातच गेला. इन्व्हॉइसवर नाव आणि राज्य बरोबर असलं की तुझ्यापुरतं पुरे.

ओवी_नाशिक
अपडेट देते. मेल खरंच फायनान्सकडे गेला, तिथल्या बाईंनी उत्तर दिलं. आधी एक पत्र मागितलं की जुन्या इन्व्हॉइसवर क्रेडिट घेतलेलं नाही, ते सही करून दिलं. मग क्रेडिट नोट आली आणि काल नवीन इन्व्हॉइस आलं, जूनच्या तारखेचं, महाराष्ट्र, आयजीएसटी ५,४००, वर क्यूआर कोड आहे. पोर्टलवर अजून काही दिसत नाही.

खतावणी
क्यूआर आहे म्हणजे ई-इन्व्हॉइस झालंय, चांगलं लक्षण. ते जूनचं जीएसटीआर-१ ११ जुलैपर्यंत भरतील, तुमची जूनची टूबी १४ जुलैला तयार होईल. तोवर क्रेडिट घेऊ नका. १४ ला टूबीत बघा आणि रक्कम "अव्हेलेबल" मध्ये आहे ना तेही बघा, मग २० तारखेच्या थ्रीबीत घ्या.

सुहास_डोंबिवली
पण खर्च फेब्रुवारीचा, म्हणजे मागच्या आर्थिक वर्षाचा, आणि इन्व्हॉइस या वर्षीचं. मग क्रेडिटची मुदत कुठल्या ३० नोव्हेंबरची धरायची? येणाऱ्या की त्याच्या पुढच्या?

खतावणी
इन्व्हॉइसच्या तारखेने बघितलं तर पुढच्या वर्षीच्या. पण अधिकारी म्हणू शकतो की मूळ व्यवहार मागच्या वर्षाचा आहे, नवीन बिल ही फक्त दुरुस्ती. यावर मी ठामपणे काही सांगणार नाही. जुलैतच क्रेडिट घेतलं तर दोन्ही तारखांच्या आत बसतं.

सागर_मडगाव
माझ्या अमेरिकन कंपनीने नंबर नोंदवून घेतला, शून्य टॅक्सचं इन्व्हॉइस पण दिलं, १,८०० बद्दल म्हणतात अकाउंट क्रेडिट देऊ, कार्डावर परत नाही. घेऊ का?

तिकीटघर
घ्या, पण त्यांच्याकडून लिहून घ्या की ते १,८०० टॅक्सचा परतावा म्हणून आहेत, डिस्काउंट म्हणून नाही. नाहीतर पुढच्या इन्व्हॉइसची किंमतच १,८०० ने कमी दाखवतील.